तोंड आलंय म्हणता म्हणता पाठीवर फोड: पेम्फिगसच्या निदानाला आणि औषधांना एवढा वेळ का लागतो?

वेलदोडा

माझ्या काकूंबद्दल विचारायचंय. वय ४७, वजन ६० किलो, मुक्काम सातारा. पाच महिन्यांपूर्वी तोंड आलं. गालाच्या आत, टाळूवर आणि हिरड्यांवर सालं निघाल्यासारखं झालं. बी-कॉम्प्लेक्स झालं, तोंडात लावायचं जेल झालं, दात साफ करून झाले. थोडं कमी व्हायचं, पुन्हा वाढायचं. तीन आठवड्यांपासून पाठीवर आणि छातीवर फोड येतायत. ब्लाउजची शिवण घासली तरी फुटतात आणि खाली लाल ओली जागा राहते.

त्वचारोगतज्ज्ञांनी पेम्फिगस व्हल्गॅरिस सांगितलंय. बायॉप्सीत 'बेसल थराच्या वर फट, सुट्या झालेल्या पेशी' असं आलं. दुसरा तुकडा त्वचेत चिकटलेल्या अँटीबॉडी शोधणाऱ्या डीआयएफ तपासणीसाठी होता, पण प्रयोगशाळेने 'नमुना फॉर्मॅलिनमध्ये मिळाला, तपासणी शक्य नाही' असं लिहून परत पाठवला. रक्तातल्या अँटीबॉडी मोजणारी एलायझा झाली आहे. डेस्मोग्लिन ३ आलं १८०, डेस्मोग्लिन १ आलं ९५, आणि २० च्या वर पॉझिटिव्ह असं खाली छापलंय.

दोन प्रश्न आहेत. तुकडा पुन्हा काढायलाच हवा का? आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत "दोन-तीन वर्षं धरून चाला" म्हणाले. फोड तर महिन्याभरात सुकतील असंही तेच म्हणाले. मग पुढची दोन वर्षं कशासाठी?

सुगरण_कोल्हापूर

बी१२ तपासलंत का? शाकाहारी घरात हे हमखास असतं. आमच्याकडे वारंवार तोंड यायचं ते बी१२ च्या इंजेक्शनांनी थांबलं. लोहही बघा.

दंतकथा

सुगरणताई, तुम्ही सांगताय ते नेहमीच्या तोंड येण्याला लागू आहे आणि तिथे बरोबरही आहे. पण काकूंचं चित्र वेगळं आहे. नेहमीचा छाला गोल असतो, मध्ये पिवळसर, कडेला लाल रेघ, आणि दहा-पंधरा दिवसांत भरतो. नंतर दुसरीकडे नवीन येतो. पेम्फिगसमध्ये कडा वेड्यावाकड्या, फाटलेल्या कागदासारख्या असतात. कडेचा पांढुरका पापुद्रा चिमट्याने धरला तर चांगल्या भागापर्यंत सोलत जातो. जखम भरत नाही, पसरते.

गोंधळ होतो तो इथेच. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही फोड शोधत असतात, आणि तोंडात फोड दिसतच नाही. त्याचं छत इतकं पातळ असतं की पहिल्या घासाबरोबर फुटतं. उरते ती नुसती सोललेली जागा. हिरड्यांवर असेल तर हिरड्यांचा आजार समजून दात साफ केले जातात, रुग्ण ब्रश करायला घाबरतो, कीटण साठतं, आणि मग हिरड्यांचा आजार खरोखरच जोडीला येतो.

तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचाच. आपल्याकडे तंबाखूमुळे हा नियम कर्करोगासाठी सांगितला जातो, पण पेम्फिगसही त्यातच सापडतो.

अंगणवाडी

हे संसर्गजन्य आहे का? घरात लहान मूल असेल तर भांडी वेगळी ठेवावीत का?

कृष्णाकाठ

नाही. जंतूंचा आजार नाही हा. भांडी, कपडे, स्पर्श, कशानेच पसरत नाही.

वेलदोडा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजार कसा होतो यात आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांमुळे. शरीर चुकून त्यांच्याच विरुद्ध अँटीबॉडी बनवू लागतं आणि पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. सुट्या पेशींमधल्या फटीत पाणी भरतं, तोच फोड. वरची त्वचा जेमतेम काही थरांची, म्हणून शिवण घासली तरी फुटते.

आता तोंड आधी का? तोंडाच्या आतल्या त्वचेची पकड मुख्यतः डेस्मोग्लिन ३ वर असते. अंगावरच्या त्वचेत ३ खालच्या थरांत जास्त, आणि १ सगळीकडे. सुरुवातीला फक्त ३ विरुद्ध अँटीबॉडी असतात तेव्हा अंगावर १ नंबर पेशींना धरून ठेवतो, तोंडात मात्र तसं धरणारं कुणी नसतं. म्हणून महिनोन् महिने फक्त तोंड सोलतं. पुढे १ विरुद्धही अँटीबॉडी तयार झाल्या की अंगावर फोड येतात. काकूंचे दोन्ही आकडे वर आहेत आणि आधी चार महिने फक्त तोंड होतं. अहवाल आणि हकीकत एकमेकांशी जुळतात.

पुणेरी_मिसळ७८

माझ्या सासऱ्यांना हेच झालं होतं, वय ७८. मोठे टरटरीत फोड, भयंकर खाज. डॉक्टरांनी फक्त स्टेरॉइडचं कडक मलम अंगभर लावायला दिलं आणि चार-पाच महिन्यांत उतरलं. पोटातून स्टेरॉइड घेतलंच नाही. काकूंनाही आधी मलम लावून बघा, एवढी घाई कशाला?

कृष्णाकाठ

तुमच्या सासऱ्यांचा आजार बहुधा बुलस पेम्फिगॉइड असणार. नावं जुळ्या भावांसारखी, आजार वेगळे. पेम्फिगॉइडमध्ये फट त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी पडते, छत जाड राहतं, म्हणून फोड टरटरीत आणि टिकाऊ. खाज फार, वय सहसा सत्तरीच्या पुढचं, तोंड बहुतेक वेळा वाचतं. तिथे मलमाने आजार आटोक्यात येतो हे खरंच आहे. १९५३ पर्यंत हे दोन्ही एकाच नावाखाली मोडायचे, वॉल्टर लेव्हर यांनी ते वेगळे करून दाखवले. काकूंना मात्र मलम जोडीला चालेल, एकटं पुरणार नाही.

काचपट्टी

मी प्रयोगशाळेतली, त्यामुळे नमुन्याबद्दल बोलते. फॉर्मॅलिनची ही चूक नेहमीची आहे आणि टाळता येण्यासारखी आहे.

तुकडे दोन लागतात आणि दोन्हींची जागाही वेगळी, बाटलीही वेगळी. पहिला नेहमीच्या बायॉप्सीचा. तो ताज्या, शक्यतो एका दिवसाच्या आतल्या फोडाच्या कडेवरून घ्यायचा, अर्धा फोड अर्धी चांगली त्वचा असा, आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा. दुसरा डीआयएफचा. तो फोडाच्या शेजारच्या, एक सेंटिमीटरच्या आतल्या, न फुटलेल्या चांगल्या त्वचेवरून. हा मिशेल्स मीडियममध्ये जातो. ते नसेल तर साध्या नॉर्मल सलाइनमध्ये, पण मग २४ तासांच्या आत आमच्या हातात पडला पाहिजे. फॉर्मॅलिन प्रथिनांना असं आवळून टाकतं की तिथे चिकटलेल्या अँटीबॉडी आमच्या रंगाला सापडतच नाहीत. एकदा त्यात बुडाला की धुऊनही उपयोग नाही.

तोंडातून घेताना दुसरी चूक होते. जखमेच्या मधोमध तुकडा काढतात. तिथे वरचा थर गेलेलाच असतो, मग आम्ही बघायचं काय? अहवाल 'नुसती सूज' असा जातो आणि रुग्णाचे आणखी दोन महिने जातात. तोंडातही कडेची, न सोललेली जागाच हवी.

नमुना बरोबर आला तर निदान डोळ्यांनी दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ चमकते आणि सगळं मिळून मासे धरायच्या जाळ्यासारखं दिसतं. पेम्फिगॉइडमध्ये जाळं नसतं, थराच्या तळाशी एकच सरळ रेघ असते. पुणेरी_मिसळ यांनी मांडलेला घोळ त्या काचेवर एका नजरेत सुटतो.

वेलदोडा

काचपट्टीताई, मग पुन्हा तुकडा काढावाच ना? काकू आता "परत सुई नको" म्हणतायत. आणि स्टेरॉइड सुरू होऊन आठ दिवस झालेत.

काचपट्टी

आठ दिवसांच्या स्टेरॉइडने डीआयएफ पुसली जात नाही. फोड सुकल्यावरही कित्येक महिने ती पॉझिटिव्ह राहू शकते. माझं मत, करावीच. पुढे कधी औषध बंद करायची वेळ आली तर पाया पक्का असलेला बरा.

सुई नको असेल तर एक मार्ग आहे. डोक्याचे पाच-सहा केस मुळासकट उपटून त्यांच्यावर डीआयएफ होते. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात हीच प्रथिनं असतात आणि तेच जाळं तिथेही दिसतं. कात्रीने कापलेला केस चालत नाही. मुळाशी पारदर्शक, ओलसर पिशवी चिकटून आलेला केस हवा. सगळ्या प्रयोगशाळा करत नाहीत, आधी फोन करा.

कृष्णाकाठ

इथे माझं थोडं वेगळं मत. हकीकत जुळते, बायॉप्सी जुळते, एलायझाचे दोन्ही आकडे भरपूर वर आहेत. एवढ्यावर उपचार थांबवू नयेत आणि थांबलेले नाहीत हे चांगलंच. डीआयएफ शंकेच्या केसमध्ये निर्णायक ठरते. इथे शंका थोडीच उरलीय. केस उपटून होत असेल तर जरूर करा, त्यासाठी काकूंना टेबलावर झोपवायचा हट्ट मी धरणार नाही.

काचपट्टी

एलायझाही कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते, म्हणून मी हट्ट धरते. असो, केसांवर आपलं एकमत आहे.

नाशिककर_विनू

लसूण बंद करा. लसूण, कांदा, यांनी पेम्फिगस होतो असं वाचलंय.

कृष्णाकाठ

लसणातली काही गंधकयुक्त द्रव्यं प्रयोगशाळेत पेशी सुट्या करतात हे दिसलंय, पण जेवणातल्या लसणाने आजार होतो असा भक्कम पुरावा नाही. औषधांचं मात्र बघायलाच हवं. पेनिसिलामिन आणि रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल यांनी पेम्फिगस उठल्याच्या नोंदी आहेत. काकू कुठल्या गोळ्या घेतात ती यादी डॉक्टरांना दाखवली का?

नाशिककर_विनू

तरी पथ्य म्हणून बंद करायला काय हरकत आहे?

रात्रपाळी

हरकत एवढीच की ज्याचं तोंड सोललंय तो आधीच कमी खातो. त्यात आपण ताटातलं एकेक काढत गेलो की वजन उतरतं आणि जखमा भरायला प्रथिनं उरत नाहीत. कच्चा लसूण झोंबतो म्हणून तूर्त नको, शिजलेला चालत असेल तर खाऊ द्या. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची आंबील, ताक, अंडं उकडून कुस्करून, सगळं कोमट. ठेचा, चिवडा आणि भाकरीचा कडक पापुद्रा यांनी नवी सालं निघतात.

जेवणाआधी दहा मिनिटं तोंडात लिग्नोकेन जेल लावलं तर घास गिळता येतो. जेवणानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने विरघळणारी बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात टाकून चार-पाच मिनिटं तोंडात खेळवायची आणि थुंकायची. गिळायची नाही, पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला आणि पुसल्यावर खाली लाल दिसलं तर ती बुरशी आहे, आजार वाढलेला नाही. तिला वेगळं औषध असतं.

अंगावरचा मोठा फोड तणावत असेल तर निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी जाऊ द्यायचं, छत ओढून काढायचं नाही. तीच सगळ्यात चांगली पट्टी. चिकटपट्टी अंगाला अजिबात लावू नका, काढताना त्वचा तिच्याबरोबर येते. पाठ ओली असेल तर धुतलेल्या कोवळ्या केळीच्या पानाला लिक्विड पॅराफिन लावून त्यावर झोपवतात. चादर चिकटत नाही, आणि पान रोज बदलता येतं.

वेलदोडा

केळीचं पान आजच आणतो. कृष्णाकाठ, दोन वर्षांचं राहिलंच.

कृष्णाकाठ

हो, आता तेच.

काकूंचा हिशेब धरू. ६० किलोला प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ६०. स्टेरॉइड काही दिवसांत नवे फोड थांबवायला लागतं. पण आधीच रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडी कुठे जात नाहीत. त्या अर्ध्या व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, तेही नवीन बनणं पूर्ण थांबलं तर. ते एकदम थांबत नाही, कारण बनवणाऱ्या पेशी शरीरात बसलेल्या आहेत. फोड सुकले म्हणजे त्या पेशी गेल्या असं नाही.

दोन आठवडे एकही नवा फोड नाही आणि बहुतेक जुन्या जागा भरल्या, की डोस उतरवायला घेतात. वरून उतरताना पायऱ्या मोठ्या चालतात. ६० वरून ५०, मग ४०, दर दोन आठवड्यांनी. २० च्या खाली आलं की पायरी अडीच मिलिग्रॅमची आणि तिथे मुक्काम दोन ते चार आठवड्यांचा. १० च्या खाली आणखी सावकाश. तुम्हीच बेरीज करा, काही अडलं नाही तरी वर्षाच्या आसपास जातं. मध्येच उसळलं तर एक-दोन पायऱ्या परत वर.

पुणेरी_मिसळ७८

फोड गेल्यावर स्टेरॉइड थेट बंद केलं तर काय होतं? एवढे महिने घेतल्यावर साखर, हाडं यांचं काय?

कृष्णाकाठ

थेट बंद करणं यात सगळ्यात धोक्याचं. इतके दिवस बाहेरून मिळालं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात. अचानक तोडलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतू शकतं. आणि फोड बहुतेक वेळा परततात.

साखर-हाडांची भीती मात्र रास्त आहे, म्हणूनच स्टेरॉइड लवकर उतरवता यावं यासाठी जोडीला दुसरं औषध देतात. अझाथायोप्रिन दिलं तर त्याचा परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात. पहिल्या महिन्यात 'हे काम करत नाही' म्हणून लोक सोडतात, ती चूक.

रात्रपाळी

साखरेबद्दल एक. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं की साखर दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. फक्त सकाळची उपाशीपोटी तपासली तर नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त राहतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. आणि स्टेरॉइडवर ताप दबतो, त्यामुळे ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही असं धरू नका. या आजारात आता माणूस दगावतो तो बहुतेक वेळा संसर्गाने.

वेलदोडा

डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवलेत, रिटुक्सिमॅब किंवा पल्स. कुठला घ्यावा यावर घरात दोन तट पडलेत.

विदर्भपुत्र

पल्सच! आमच्या नागपूरकडे कित्येक जण पल्सवर बरे झालेत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी ८० च्या दशकात ही पद्धत बसवली. महिन्यातून तीन दिवस सलाइनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि मधल्या दिवसांत रोज ५० मिलिग्रॅमची गोळी. दर २८ दिवसांनी. रोजचं स्टेरॉइड नाही, दुष्परिणाम शून्य.

कृष्णाकाठ

पद्धत बरोबर सांगितलीत, शून्य मात्र बरोबर नाही. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी थांबते, पुरुषांत वंध्यत्व येऊ शकतं, मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं, पांढऱ्या पेशी उतरतात. ज्यांना पुढे मूल हवंय त्यांच्यात ते टाळतात. काकू ४७ च्या, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा हलका होतो. आणि पल्सही छोटी नाही. फोड गेल्यावरही नऊ पल्स, मग नऊ महिने नुसती गोळी.

रिटुक्सिमॅब अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींच्या वंशावरच घाव घालतं. १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थोड्या महिन्यांचं स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना स्वच्छ होते. फक्त स्टेरॉइडवाल्यांत ३४ टक्के. पण बी पेशी सहा ते बारा महिन्यांत परत उगवतात, म्हणून त्या चाचणीत १२ आणि १८ व्या महिन्यात ५०० मिलिग्रॅम पुन्हा दिलं होतं. बघा, इथेही दीड वर्ष आलंच.

विदर्भपुत्र

शून्य मागे घेतो. पण खर्च आणि दर वेळी भरती होण्याची सोय हेही बघायला लागतं. तालुक्याच्या गावी पल्स शक्य असते.

कृष्णाकाठ

ते मान्य. माझं झुकतं माप रिटुक्सिमॅबला, सुरुवातीच्या महिन्यांत दिलं तर जास्तच. पण तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही.

अंगणवाडी

बरं झालं हे कळायचं कसं? एलायझा दर महिन्याला करायची का?

कृष्णाकाठ

आकड्यामागे धावू नका. डेस्मोग्लिन १ चा आकडा त्वचेबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होतो. ३ चा मात्र तोंड स्वच्छ झाल्यावरही वरच राहू शकतो. नुसता तो बघून औषध वाढवलं तर रुग्णाला फुकटचा त्रास. आरशात बघा. महिन्यात तीन किंवा जास्त नव्या जागा आल्या आणि आठवड्यात आपोआप भरल्या नाहीत, किंवा जुनी भरलेली जागा पसरायला लागली, तर आजार परतला असं धरून डॉक्टरांकडे जायचं. एखादा फोड येऊन चार दिवसांत गेला तर तारीख लिहून ठेवा, एवढंच.

दंतकथा

आणि तोंड सगळ्यात शेवटी भरतं. पाठ कोरडी झाली तरी हिरड्या महिनोन् महिने रेंगाळतात. तेवढ्यावरून औषध फसलं असं ठरवू नका. बाळांचा मऊ ब्रश आणि फेस न येणारी पेस्ट वापरून दात स्वच्छ ठेवा.

वेलदोडा

केस देऊन आलो, काकूंनी हूं की चूं केलं नाही. कॅप्टोप्रिल वगैरे काही नाही, फक्त थायरॉइडची गोळी आहे. रिटुक्सिमॅब ठरतंय. त्याआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी ठीक. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आलंय. टेक्निशियन म्हणाला "कावीळ नाही, काळजी करू नका". बरोबर?

कृष्णाकाठ

नाही, इथे थांबा. याचा अर्थ कधीतरी हिपॅटायटिस बी होऊन गेलाय आणि विषाणू यकृतात निद्रिस्त असू शकतो. रिटुक्सिमॅबने पहारा उठला की तो जागा होतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. हे रिटुक्सिमॅबच्या अगदी ठळक इशाऱ्यांपैकी आहे. हा कागद थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते एचबीव्ही डीएनए करायला सांगतील आणि यकृताच्या डॉक्टरांना विचारतील. सहसा एंटेकॅव्हिरसारखी गोळी आधी सुरू करून मगच इंजेक्शन देतात, आणि ती शेवटच्या डोसनंतरही १२ ते १८ महिने चालते.

वेलदोडा

परवाचा दिवस ठरला होता. आत्ता फोन करून पुढे ढकलायला सांगितलंय. तोवर स्टेरॉइड आहे तेच चालू ठेवायचं ना?

कृष्णाकाठ

तेच, एक गोळी न चुकवता. आणि डीएनएचा अहवाल आला की इथे टाका.